खाटेवरच्या रुग्णाची उंची आणि वजन: गुडघा आणि दंड मोजून अंदाज कसा काढायचा

नळीने आहार सुरू करायचा असतो, औषधाचा डोस ठरवायचा असतो आणि फाइलमध्ये उंची-वजनाचे रकाने रिकामे असतात. रुग्ण उभा राहू शकत नाही. नातेवाइकांना विचारले तर ‘आधी पंचावन्न-साठ असेल’ असे उत्तर मिळते आणि तेच कोणीतरी लिहून टाकते. मी रुग्णांच्या आहाराचे नियोजन करते. हे रकाने भरायला नव्याने शिकणाऱ्या परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि घरी रुग्णाची काळजी घेणारे यांच्यासाठी हा लेख आहे.

खाटेसकट वजन करणारा काटा किंवा झोळीत उचलून वजन घेणारे यंत्र उपलब्ध असेल तर तेच वापरा. पुढची सगळी खटपट ते नसेल तेव्हाची. इथे दिलेली सूत्रे साठीच्या पुढच्या रुग्णांसाठी आहेत: उंचीचे ६० ते ९० वर्षांसाठी, वजनाचे ६० ते ८० वर्षांसाठी. तरुण रुग्णांची सूत्रे वेगळी असतात, ही त्यांना लावू नका.

## १. आधी हे समजून घ्या: उंची बऱ्यापैकी कळते, वजन मोघम कळते

वय वाढते तसे मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला बाक येतो आणि माणूस उंचीने कमी होतो. पायाची लांब हाडे मात्र तेवढीच राहतात. म्हणून टाचेपासून गुडघ्याच्या वरपर्यंतचे अंतर, म्हणजे ‘गुडघा-उंची’, मोजून त्यावरून पूर्ण उंची काढता येते. अमेरिकेत विल्यम कॅमेरॉन चुमलिया आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये वृद्धांसाठी याची सूत्रे मांडली आणि आजही तीच सर्वाधिक वापरात आहेत.

या पद्धतीने काढलेली उंची बहुतेकांच्या बाबतीत खऱ्या उंचीच्या तीन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे येते, क्वचित सात-आठपर्यंत चुकते. खाटेवर आखडून, वाकडे झोपलेल्या माणसाला डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

वजनाचे तसे नाही. गुडघा-उंची हाडांचा सांगाडा सांगते, दंडाचा घेर त्यावरचे मांस आणि चरबी सांगतो, आणि या दोहोंवरून सगळ्या शरीराचे वजन ताडायचे असते. पोट सुटलेले पण हात काटकुळे, असा माणूस या सूत्राला दिसतच नाही. त्यामुळे एकेका रुग्णाच्या बाबतीत चूक दहा-अकरा किलोपर्यंत जाऊ शकते. हे डोक्यात ठेवून पुढचे आकडे वाचा.

## २. काय काय लागेल

- गुडघा-उंचीसाठी सरकत्या पात्याचे रुंद कॅलिपर. नसेल तर दोन कडक पुठ्ठ्याची पुस्तके किंवा छोट्या फळ्या आणि एक पोलादी टेप.
- घेरासाठी न ताणणारी, अरुंद मोजपट्टी. शिंप्याची जुनी कापडी पट्टी ताणून लांब झालेली असते, तिला आधी पोलादी टेपशी ताडून पाहा.
- काटकोन तपासायला मोठा गुण्या.
- त्वचेवर खूण करायला पेन, घडी घातलेला टॉवेल, वही.
- दुसरा माणूस. पाय धरणे आणि मोजणे एकट्याने नीट होत नाही.
- रुग्णाचे खरे वय, आणि कोणत्या बाजूला पक्षाघात, अस्थिभंग, शस्त्रक्रिया किंवा सूज आहे याची माहिती.

मोजपट्टीच्या एका बाजूला इंच असतात. घाईत पट्टी उलटी धरली जाते आणि दंड ‘साडेनऊ’ लिहिला जातो. सगळी मापे सेंटिमीटरमध्येच घ्या.

## ३. कोणती बाजू मोजायची

पायासाठी डावा पाय ही रीत आहे. पण त्या बाजूला लकवा असेल, खुब्याचे हाड मोडलेले असेल, सांधा बदललेला असेल किंवा टाचेला दाबामुळे जखम झालेली असेल तर उजवा घ्या. खुब्याची अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर कोणताही पाय वाकवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हाताच्या बाबतीत जास्त चोखंदळ राहा. लकवा मारलेला हात वापरात नसल्याने सुकतो आणि माप कमी येते. सलाईन चालू असलेला, डायलिसिससाठी रक्तवाहिनी जोडलेला किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजणारा हात माप वाढवून देतो. एका कुशीवर बराच वेळ झोपलेल्या रुग्णाच्या खालच्या हातात पाणी उतरते. तेव्हा आधी दोन्ही दंड नजरेने आणि बोटाने तपासा. अंगठ्याने पाच सेकंद दाबून खड्डा राहतो का ते बघा. राहिला तर तो हात सोडा.

## ४. गुडघा-उंची मोजणे

रुग्णाला पाठीवर झोपवा. सहकाऱ्याने पाय गादीवरून उचलून असा धरायचा की गुडघ्यात काटकोन होईल आणि घोट्यातही काटकोन होईल. हे दोन काटकोन जमले की निम्मे काम झाले. पाऊल गादीवर टेकवून मोजायला जाऊ नका. टाच गादीत रुतते आणि खालचे पाते बसत नाही.

स्थिर पाते टाचेखाली, तळव्याला सपाट लावा. सरकते पाते मांडीच्या पुढच्या बाजूवर, गुडघ्याच्या वाटीच्या साधारण चार-पाच सेंटिमीटर वर आणा. कॅलिपरचा दांडा नडगीला समांतर हवा. बाहेरच्या बाजूने पाहिले तर तो बाहेरच्या घोट्याच्या हाडावरून आणि गुडघ्याखालच्या बाहेरच्या हाडाच्या गाठीच्या किंचित मागून जातो. वरचे पाते मांडीवर दाबा, म्हणजे मऊ भाग चेपला जाईल आणि सूज असली तरी फरक कमी पडेल. मग आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा.

कॅलिपर नसेल तर एक पुस्तक तळव्याला आणि दुसरे मांडीवर, दोन्ही एकमेकांना समांतर धरा आणि पायाच्या बाहेरच्या बाजूने पोलादी टेप दोन्हींच्या समोरासमोरच्या बाजूंमध्ये ताणून धरा. टेप पोटरीच्या वळणावरून जाता कामा नये, सरळ हवेत राहिला पाहिजे.

पाते काढा, पाय खाली ठेवा, पुन्हा उचला आणि दुसरे माप घ्या. पाते न हलवता दोनदा वाचणे म्हणजे दोन मापे नव्हेत. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसरे घ्या आणि जवळच्या दोहोंची सरासरी धरा.

चुका बहुधा दोनच ठिकाणी होतात. पहिली, गुडघा काटकोनात नसतो, थोडा उघडा राहतो. मग वाटीच्या वर ठेवलेले पाते टाचेपासून दूर सरकते आणि माप दोन सेंटिमीटरसुद्धा जास्त येते. उंचीच्या सूत्रात ते जवळजवळ दुप्पट होते, म्हणजे रुग्ण चार सेंटिमीटर ‘वाढतो’. दुसरी चूक पावलाची. बराच काळ पडून असलेल्या रुग्णाचे पाऊल पुढे झुकते. मग पाते चवड्याला टेकते, टाचेशी फट राहते आणि माप पुन्हा जास्त येते. फट दिसली तर चवडा हळूच वर ढकलून पाऊल सरळ करा. जोर लावूनही होत नसेल, किंवा गुडघाच आखडून काटकोनात येत नसेल, तर त्या पायाचा नाद सोडा. दुसराही तसाच असेल तर ही पद्धत त्या रुग्णासाठी नाही. अशा वेळी फाइलमध्ये तसे लिहा आणि हाताच्या हाडावरून उंची काढण्याच्या पद्धतीकडे वळा.

## ५. दंडाचा घेर मोजणे

इथे सगळी मदार मधल्या बिंदूवर असते. हाताची कोपरात घडी करून तळवा पोटावर ठेवा. खांद्याच्या बाहेरच्या टोकाला हाडाचा कठीण कंगोरा बोटाला लागतो, तिथे एक खूण करा. कोपराचे टोक म्हणजे दुसरा बिंदू. या दोहोंमधले अंतर मोजा, निम्मे करा आणि तिथे पेनाने आडवी रेघ ओढा. अंदाजाने ‘साधारण मध्ये’ धरणाऱ्याचा बिंदू बहुतेक वेळा खाली, कोपराकडे घसरतो. तिथे दंड बारीक असतो.

खांद्यापासून रेघेपर्यंतचे अंतर वहीत लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी दुसरी सिस्टर मोजणार असेल, तरी ती नेमक्या त्याच जागी मोजेल.

आता हात सरळ करून शरीराच्या बाजूला, तळवा वर करून ठेवा. कोपराखाली टॉवेलची घडी द्या, म्हणजे दंड गादीपासून जरा उचलला जाईल आणि पट्टी खालून सरकेल. दंड गादीवर टेकलेला असला की तो चपटा होतो आणि माप बिघडते. पट्टी रेघेवर, हाताच्या लांबीला काटकोनात गुंडाळा. ती त्वचेला सगळीकडून लागली पाहिजे, पण त्वचेत रुतता कामा नये. वृद्धांची त्वचा सैल असते, पट्टी जरा आवळली की अर्धा सेंटिमीटर सहज जातो. गाऊनच्या बाहीवरून मोजू नका. बाही वर गुंडाळून घट्ट बसत असेल तर हात बाहेर काढा.

हेही दोनदा मोजा आणि सरासरी घ्या.

## ६. हिशेब

उंची आधी काढा. ही सूत्रे अमेरिकेतल्या श्वेतवर्णीय वृद्धांवरून बनवलेली आहेत. सगळी मापे सेंटिमीटरमध्ये, वय वर्षांत, वजन किलोत.

```
उंची, स्त्री  = ८४.८८ − (०.२४ × वय) + (१.८३ × गुडघा-उंची)
उंची, पुरुष = ६४.१९ − (०.०४ × वय) + (२.०२ × गुडघा-उंची)

वजन, स्त्री  = (१.०९ × गुडघा-उंची) + (२.६८ × दंडाचा घेर) − ६५.५१
वजन, पुरुष = (१.१० × गुडघा-उंची) + (३.०७ × दंडाचा घेर) − ७५.८१
```

शरीराची ठेवण सगळीकडे सारखी नसते. ज्या लोकांचे पाय धडाच्या मानाने लांब असतात, त्यांची उंची हे सूत्र जास्त दाखवते. तुमच्या रुग्णालयात स्थानिक लोकांवर तपासलेले सूत्र वापरात असेल तर तेच घ्या. एकाच रुग्णाला आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरे सूत्र मात्र लावू नका, कारण मग बदल रुग्णात झाला की सूत्रात, हे कळणार नाही.

## ७. एक उदाहरण सोडवू या

वय ७२, स्त्री, उजव्या बाजूला कोणताही आजार नाही, डाव्या हातात सलाईन. डाव्या पायाची गुडघा-उंची एकदा ४६.२ आणि दुसऱ्यांदा ४६.५ आली. फरक ०.३, म्हणजे चालेल. सरासरी ४६.३५.

उंचीसाठी: ०.२४ गुणिले ७२ म्हणजे १७.२८. ते ८४.८८ मधून वजा केले की ६७.६० उरतात. १.८३ गुणिले ४६.३५ म्हणजे ८४.८२. बेरीज १५२.४२. फाइलमध्ये १५२ सेंटिमीटर लिहा. दशांश लिहून खोटी अचूकता दाखवण्यात अर्थ नाही.

उजव्या दंडाची मापे २४.१ आणि २४.३, सरासरी २४.२. आता वजन: १.०९ गुणिले ४६.३५ म्हणजे ५०.५२. २.६८ गुणिले २४.२ म्हणजे ६४.८६. दोन्ही मिळून ११५.३८, त्यातून ६५.५१ गेले की ४९.८७. म्हणजे सुमारे ५० किलो.

बीएमआय काढायचा तर उंची मीटरमध्ये घ्यायची: १.५२ चा वर्ग २.३१, आणि ५० भागिले २.३१ म्हणजे साधारण २१.६.

आता याच बाईंचा डावा, सलाईनचा दंड मोजला असता तर? तो सुजून २६.६ भरला. तोच आकडा सूत्रात घातला की ७१.२९ अधिक ५०.५२ वजा ६५.५१, म्हणजे ५६.३ किलो. बीएमआय २४.४. किलोमागे रोज २५ कॅलरी धरून नळीचा आहार ठरवला तर ५० किलोला १२५० आणि ५६ किलोला १४०० कॅलरी होतात. चुकीचा हात धरल्यामुळे दिवसाला दीडशे कॅलरींची तफावत पडते. वाईट म्हणजे फाइल वाचणाऱ्याला या बाई धडधाकट वाटतात.

सूत्रातले गुणक बघा, म्हणजे कुठे जपायचे ते कळेल. गुडघ्याचा एक सेंटिमीटर चुकला तर वजनात किलोभराचा फरक पडतो. दंडाचा एक सेंटिमीटर चुकला तर पावणेतीन किलोचा, पुरुषांत तीन किलोचा. म्हणून वेळ कमी असेल तर तो दंडावर खर्च करा.

## ८. आलेला आकडा पटतो का ते तपासा

सूत्राची मदत न घेता नुसत्या दंडावरून एक सोपी पडताळणी करता येते. दंडाचा घेर २३.५ पेक्षा कमी असेल तर बीएमआय बहुधा २० च्या खाली असतो. ३२ पेक्षा जास्त असेल तर बहुधा ३० च्या वर. वरच्या बाईंचा दंड २४.२ आणि बीएमआय २१.६, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकांशी जुळतात. दंड २२ आणि हिशेबातला बीएमआय २६ असे आले तर कुठेतरी गुणाकार किंवा गुडघा चुकला आहे. परत पहिल्यापासून बघा.

मग जरा खाटेपासून दोन पावले मागे या आणि रुग्णाकडे बघा. कानशिले खोल गेली आहेत का, गळ्याखालचे हाड वर आले आहे का, पोट फुगलेले आहे का? यकृताच्या आजारात पोटात पाणी असते, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारात पायांवर सूज असते. हे पाणी दंडात नसेल तर सूत्राला दिसत नाही. अशा रुग्णाला काट्यावर ठेवले तर वजन हिशेबापेक्षा बरेच जास्त भरेल, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतील. आहारासाठी पाणी वगळून असलेले वजनच उपयोगी पडते, म्हणून तिथे हिशेबाचा आकडा उलट कामाचा. शरीरातले पाणी वाढले की घटले हे बघायला मात्र तो निरुपयोगी आहे.

पाय किंवा पायाचा भाग काढलेला असेल तर सूत्र पूर्ण शरीराचे वजन देते. त्यातून गेलेल्या भागाचे वजन कमी करावे लागते: पूर्ण पाय शरीराच्या सुमारे १६ टक्के, गुडघ्याखालचा भाग पावलासकट सुमारे ६ टक्के. मापे अर्थातच शाबूत बाजूची घ्यायची.

## ९. फाइलमध्ये कसे लिहायचे

नुसते ‘वजन ५० किलो’ असे लिहू नका. दोन दिवसांनी ते काट्यावरचे वजन समजले जाते आणि मग त्यावर डोस ठरतात. मी असे लिहिते: ‘अंदाजे वजन ५० किलो, अंदाजे उंची १५२ सेंमी. गुडघा-उंची ४६.३५ (डावी), दंड २४.२ (उजवा, खांद्यापासून १५.५ वर). डाव्या हातात सलाईन व सूज.’ पुढे तारीख आणि सही.

कच्ची मापे लिहिणे हा यातला खरा कामाचा भाग आहे. सूत्र बदलले, गुणाकार चुकला, तरी मापे असली की कोणीही पुन्हा हिशेब करू शकते.

थोडाफार फरकसुद्धा ज्यात धोकादायक ठरतो अशी औषधे, म्हणजे रक्त पातळ करणारी इंजेक्शने किंवा केमोथेरपी, या आकड्यावर ठरवायची वेळ आली तर डॉक्टरांना तोंडी सांगा की हे वजन अंदाजाचे आहे. तिथे खाटेचा काटा मागवणेच योग्य. घरी काळजी घेणाऱ्यांनी तर या आकड्यावरून कोणताही डोस स्वतः बदलू नये.

## १०. पुढे काय मोजत राहायचे

उंची एकदाच काढायची, ती बदलत नाही. गुडघाही पुन्हा मोजायची गरज नाही. नंतरच्या वेळी फक्त दंड मोजा, तोच हात, तीच रेघ, शक्यतो तोच माणूस, पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने. एका मापातून काढलेले वजन दहा किलोने चुकलेले असू शकते, पण त्याच माणसाच्या दंडात झालेला बदल बराच विश्वासार्ह असतो, कारण शरीराच्या ठेवणीमुळे येणारी चूक दोन्ही वेळा सारखीच असते.

समजा सहा आठवड्यांनी याच बाईंचा दंड २२.९ भरला. घट १.३ सेंटिमीटर, सूत्राप्रमाणे साडेतीन किलो. दोन मापांत तीन-चार मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचा असू शकतो, १.३ सेंटिमीटरचा नसतो. शिवाय दंड आता २३.५ च्या खाली गेला आहे. मी इथे वजनाचा नवा आकडा लिहिण्याआधी नळीतून ठरलेला आहार खरेच पूर्ण जातो आहे का हे बघेन, कारण तपासण्यांसाठी आणि उलटीमुळे थांबवलेला आहार भरून काढायचा राहून जातो. दंडाचा घेर एकूण १० टक्क्यांनी घटला असेल, म्हणजे इथे २१.८ च्या आसपास आला असेल, तर वजनही साधारण तेवढ्याच प्रमाणात घटले असे धरून आहाराची आखणी नव्याने करा.

आणि सूज? आहार वाढवल्यावर दंड आठवड्यात एकदम दोन सेंटिमीटर भरला तर खूश होऊ नका. मांस इतक्या लवकर चढत नाही. अंगठ्याने दाबून बघा, खड्डा पडत असेल तर ते पाणी आहे. डॉक्टरांना कळवा आणि ते माप वजनाच्या हिशेबात धरू नका.